टॉवेल पातळच घे

प्रश्न : ताई, मुलगी पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच हॉस्टेलला चालली आहे. साबण, टॉवेल, ब्रश असलं सामान काढायला बसलो की आमचं वाजतंच. मी लांबलचक यादी करते, ती म्हणते, "आई, सगळं तिथे मिळतं." तोंडी सांगायला गेलं की तिला ते भाषण वाटतं. म्हणून पत्र लिहून बॅगेत ठेवावं म्हणते. त्यात नेमकं काय लिहू? कारण पटल्याशिवाय ती काहीही ऐकत नाही.
– एक आई

उत्तर : माझी लेक गेली तेव्हा मीही असंच पत्र लिहिलं होतं. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात छत्तीस वस्तू होत्या. रात्री परत वाचला आणि फाडून टाकला. दुसऱ्या खेपेला फक्त ज्या गोष्टींचा मला स्वतःला फटका बसला होता त्या लिहिल्या. वर्षभराने ती सुट्टीत आली तेव्हा ते पत्र तिच्या कप्प्यात होतं आणि समासात पेन्सिलीने तिचे शेरे. तेच पत्र इथे देते. तिने मला जिथे खोडून काढलंय तिथे मध्येच थांबून तेही सांगते. तुम्हाला हवं ते उचला, नको ते गाळा, मात्र शब्द तुमचेच घाला. माझी भाषा तुमच्या मुलीला लगेच ओळखू येईल.

पत्र असं होतं :

अगं, आपल्या घरी सकाळी तिघांच्या आंघोळी आटपतात आणि मग दिवसभर बाथरूमची खिडकी उघडी असते. दुपारी फरशी खडखडीत वाळलेली. तू चालली आहेस तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत मुली आत-बाहेर करत राहणार, फरशी वाळायला सवड म्हणून मिळायची नाही. खोलीतही तुझ्या वाट्याला एक खाट, एक कपाट, आणि दोरीवर आणखी दोघी-तिघींचे ओले कपडे. घर आणि हॉस्टेल यांत सामानाच्या दृष्टीने खरा फरक एवढाच आहे. म्हणून एखादी वस्तू बॅगेत टाकताना दोनच गोष्टी बघ. ही तिथे वाळेल का? आणि ही फक्त माझीच राहील का? वास छान आहे, बाटली गोड आहे, ते सगळं यानंतर.

टॉवेलपासून सुरुवात करते, कारण माझं सगळं तिथेच बिघडलं होतं.

मी हॉस्टेलला गेले तेव्हा आजीने मला जाडजूड, मऊ मऊ टॉवेल घेऊन दिला होता. एकच. दिसायला झकास, पण सकाळी खाटेच्या कठड्यावर टाकलेला तो टॉवेल रात्रीही ओलाच असायचा. दुसऱ्या दिवशी तसाच अंगाला. आठवड्याभरात त्याला कुबट वास सुटला. एक दिवस धुऊन टाकला तर दोन दिवस वाळेचना, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा घेतला. चार दिवस आम्ही दोघी एकच टॉवेल वापरत होतो. त्यात काही वावगं आहे असं दोघींनाही वाटलं नाही.

दोनेक आठवड्यांनी कमरेवर, कपड्याचा पट्टा घट्ट बसतो त्या जागी, शर्टाच्या बटणाएवढा लाल चट्टा आला. खाज इतकी की तासाला बसवेना. पुढे तो वाढला तेव्हा त्याची कड उंच आणि खवलेदार झाली, मधला भाग मात्र त्या मानाने स्वच्छ. हे गजकर्णाचं चांगलं ओळखू येणारं रूप आहे. नायटाही म्हणतात त्याला. त्वचेवर वाढणारी बुरशी ती, उबदार आणि ओलसर जागा मिळाली की फोफावते. टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून एकीकडून दुसरीकडे जाते. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि जागा अशी की कुणाला दाखवायची लाज. मैत्रिणीने औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिलं.

आता नीट वाच, कारण तिथे अशी मलमं कपाटाकपाटांत असतात. चार दिवसांत खाज गायब. लाली गेली. मी मलम थांबवलं. आठवड्याने चट्टा परत आला, या वेळी बशीएवढा. परत मलम, परत आराम, परत आधीपेक्षा मोठा. असे तीन महिने गेले आणि तो मांडीपर्यंत उतरला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चट्ट्याकडे बघण्याआधी ट्यूब मागितली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण त्याच वेळी त्या जागेची त्वचेची झुंजायची ताकदही दाबतं. वरून शांत दिसतं आणि खाली बुरशीला रान मोकळं. वर चट्ट्याची ती ठळक कडही पुसट होते, त्यामुळे तो ओळखणंही अवघड होऊन बसतं.

ते मलम बंद केलं. नुसतं बुरशीवरचं औषध दिलं, आणि इतकं पसरलं होतं म्हणून पोटातून गोळ्याही. मलम दिवसातून दोनदा, फक्त चट्ट्यावर नाही तर कडेच्या बाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावायचं. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे. लोक चुकतात ते इथेच, दिसायचं थांबलं की ट्यूब कपाटात जाते. टॉवेल, चादर आणि आतले कपडे गरम पाण्यात धुवायचे आणि उन्हात वाळवायचे हेही सांगितलं. तेवढ्याने दीड महिन्यात प्रकरण संपलं.

तेव्हा कधी असा चट्टा दिसला तर कुणाचंही मलम उसनं घेऊ नको. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे असं समज आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नको. सरळ दवाखान्यात जा. लाजू तर मुळीच नको, त्या डॉक्टर दिवसाला असे कितीतरी चट्टे बघतात.

हे सगळं तुला टॉवेलासाठी सांगितलं. दोन घे, दोन्ही पातळ आणि सुती. नवे घेण्याआधी घरी करून बघ. टॉवेल भिजव, नीट पिळ, बंद खोलीत पंखा न लावता दोरीवर टाक. सकाळी टाकलेला संध्याकाळी हाताला कोरडा लागला तर तो तुझा. नाही लागला तर तो घरीच बरा, पाहुण्यांना होईल. एक अंगावर असताना दुसरा वाळतो, इतकं साधं गणित आहे. तीन-चार वापरांनंतर धुवायचा. आणि वाळत घालताना पूर्ण उलगडून. खुंटीला अडकवलेला टॉवेल वरच्या घड्यांत ओलाच राहतो, वास तिथूनच सुरू होतो. म्हणून टॉवेलांबरोबर एक पातळ दोरी आणि सहा चिमटे. हे कुणाच्याच यादीत नसतात, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्याजणी शोधत असतात.

(मूळ पत्रात मी तीन टॉवेल लिहिले होते. लेकीने तीन खोडून दोन केलं, बाजूला शेरा : "तिसऱ्याला दोरीवर जागा नाही." आता मीही दोनच सांगते. चिमट्यांपुढे मात्र तिने दोन बरोबरच्या खुणा केल्या आहेत.)

त्याच कारणासाठी अंग घासायचा तो फुगीर जाळीचा गोळा नेऊ नको. त्याच्या पोटात पाणी साठतं आणि तो कधी म्हणून वाळत नाही. हाताने साबण लावला तरी अंग स्वच्छ होतं. घासायला हवंच असेल तर सुती कापडाचा तुकडा ने, तो टॉवेलाशेजारी वाळतो.

चपला दोन. एक खोलीत आणि बाहेर घालायची, दुसरी फक्त बाथरूमची. बाथरूमची रबराची, उघडी, पट्ट्याला कापड नसलेली. पूर्ण कोरडी न होणारी चपल म्हणजे पायाला बांधलेला ओला बोळाच. सामायिक ओल्या फरशीवर अनवाणी चाललीस की चिखल्या होतात. पहिल्यांदा बहुतेक करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे, कारण ती जागा सगळ्यात अरुंद आणि हवा तिथे पोचतच नाही. त्वचा पांढरी, भिजल्यासारखी होते, सोलते, खाजते. हीसुद्धा तीच बुरशी, फक्त पत्ता वेगळा.

इथे एक सवय सांगते, जी मला त्या डॉक्टरांनी लावली. अंग पुसताना पाय सगळ्यात शेवटी, आणि बोटांच्या मधली जागा टॉवेलाचं टोक घालून एकेक करून कोरडी करायची. तोच टॉवेल पायाकडून वर मांड्यांकडे नेलास तर पायातली बुरशी तू स्वतःच वर पोचवतेस. चिखल्या झाल्याच तर त्या बऱ्या होईपर्यंत आधी मोजे घाल आणि मग आतले कपडे. ऐकायला वेडगळ वाटतं, पण आतले कपडे पायांतूनच वर चढतात. जाता जाता बुरशीही सोबत नेतात.

साबणाबद्दल मात्र मी तुला घाबरवणार नाही. दुसरीने वापरलेल्या वडीने रोग लागतो अशी धास्ती घेतात, पण वडी वाहत्या पाण्याखाली धुऊन घेतली तर ती टॉवेलाइतकी धोक्याची नसते. स्वतःची वडी हवी ती दुसऱ्याच कारणासाठी. बाथरूममध्ये ठेवलेली वडी तीन दिवसांत सगळ्यांची होते आणि चौथ्या दिवशी संपते. डबी खालून भोकं असलेली घे. झाकणबंद डबीत वडी पाण्यात बसून तिचा लगदा होतो. आणि वडी आधीच सुरीने मधोमध कापून घे. अर्धी वापरात, अर्धी कोरडी कपाटात. लहान तुकडा लवकर वाळतो, जास्त दिवस पुरतो. यातलाच एक तुकडा छोट्या डबीत घालून रोजच्या पिशवीत ठेव. बेसिनवर साबण असेलच असं धरून चालू नको.

आता पाणी. तिथे गेल्यावर साबणाला फेस येईना, केस राठ लागले, नळाच्या तोंडावर पांढरी खपली दिसली, तर समज की पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साध्या साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो, तो अंगावर आणि केसांत बसतो. म्हणून केसांना वडी कधीच लावायची नाही. शाम्पू वेगळ्या रसायनांचा असतो, जड पाण्यातही तो बऱ्यापैकी काम करतो. केसांच्या टोकांना थोडं कंडिशनर लावलं की राठपणा कमी होतो. पहिल्या महिन्यात "शाम्पू मानवत नाही" म्हणून बाटल्या बदलत बसू नको, दोष बहुतेक पाण्याचा असतो. आणि म्हणूनच सगळं एकाच महिन्याचं ने. तिथलं पाणी कसं आहे हे अजून ना तुला ठाऊक ना मला. मोठ्या बाटल्या नेल्यास तर न जमणारी वस्तू वर्षभर पुरवत बसशील.

दात घासायचा ब्रश मऊ केसांचा, एक वापरायला आणि एक कोरा राखीव. राखीव अशासाठी की ओल्या फरशीवर पडलेला ब्रश धुऊन परत तोंडात घालायचा मोह होतो. कोरा हाताशी असला की टाकवतो. ब्रशला प्लास्टिकची टोपी फक्त प्रवासाच्या दिवशी. रोज टोपी लावलीस तर आत दमटपणा कोंडतो आणि जंतूंना घर मिळतं. पाणी झटकायचं आणि खोलीत, उघड्या पेल्यात, केस वर करून उभा ठेवायचा. बाथरूमच्या फळीवर पाच ब्रश एकमेकांना टेकून पडलेले असतात, त्यात तुझा नको. तीन महिन्यांनी बदल, केस फाकले तर त्याआधीच.

पेस्ट कुठलीही घे, पण मागे फ्लोराइड लिहिलेलं बघ. आकडा साधारण १००० ते १५०० पीपीएम असा असतो, तेवढा मोठ्यांना ठीक. घासून झाल्यावर थुंक, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नको. दाताला काम देणारं फ्लोराइड त्या चुळीबरोबर निघून जातं. रात्रीचं घासणं तर चुकवूच नको. रात्री तोंडात लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांना तिचं संरक्षणही कमी. घरी मी मागे लागायचे, तिथे बारा वाजेपर्यंत गप्पा चालतील आणि उठून बेसिनपर्यंत जायचा कंटाळा येईल, हे मला आत्ताच दिसतंय.

(शेरा : "दिसलं ते खरं होतं." पुढे हसरा चेहरा. पहिल्याच वर्षी एक दात भरून घ्यावा लागला तिला.)

आता पाळीचं. पाच दिवस, दिवसाला चार पॅड धरले तर वीस होतात. वर आणखी सहा-सात ठेव. प्रवास, जागरण, नवी जागा यांनी तारीख पुढे-मागे होते, पहिल्या महिन्यात तर हमखास. दोन पॅड कायम रोजच्या पिशवीत, तारीख लांब असली तरी. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलेलं असो वा नसो. तासनतास ओलं राहिलं की मांडीच्या घडीत कातडं सोलवटतं आणि वास येतो. गुंडाळायला जुने कागद सोबत ठेव. संडासात टाकू नको. नळी तुंबली की त्या मजल्यावर कुणाचं नाव घेतलं जातं ते मी बघितलंय.

कापडी पॅड घरी तू उन्हात वाळवतेस, ते ठीक आहे. तिथे मुली ते संकोचाने टॉवेलाखाली झाकून वाळत घालतात, आणि झाकलेलं कापड नीट वाळत नाही. उघडं ऊन मिळणार असेल तरच ने. कप वापरायचा तर प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर तो पाण्यात उकळावा लागतो. ती सोय आहे की नाही ते कळेपर्यंत पॅडच बरे.

(इथे तिने मला साफ खोडलं आहे. "दुसऱ्या सत्रापासून कपच. वेगळी छोटी किटली घेतली, तिच्यात दुसरं काही उकळत नाही. वाळवायला टॉवेलासारखी जागा लागत नाही, उलट तुझ्याच नियमात बसतो." खरं आहे. वाळायचा नियम मीच केला आणि कपाला लावायला विसरले. तुमच्या मुलीला उकळायची सोय असेल तर तो पर्याय तिच्यासमोर ठेवा. बारा तासांपेक्षा जास्त वेळ तो आत ठेवायचा नाही, एवढं मात्र सांगा.)

त्या जागेसाठी म्हणून मिळणाऱ्या सुवासिक द्रवाची बाटली बॅगेत नको. आतल्या भागाची स्वच्छता शरीर स्वतः करतं. तिथे उपयोगी जिवाणू असतात, ते ती जागा आंबट राखतात आणि त्या आंबटपणात रोगाचे जंतू टिकत नाहीत. सुवासिक द्रवाने आत धुतलंस तर रखवालदारच हाकलून दिल्यासारखं होतं. बाहेरून साधं पाणी पुरे. थोडं पांढरं जाणं हे नेहमीचंच आहे. दह्यासारखं घट्ट आणि खाज, किंवा उग्र वास आणि रंग बदललेला, असं झालं तर डॉक्टर. तिथल्या कपाटातलं मलम परत नाही. आतले कपडे सुती ने, सात-आठ जोड, कारण वाळायला दोन दिवस लागतील असं धरून चाल. अर्धवट ओला कपडा अंगावर चढवून वाळवायची सवय लागते, तिथून माझ्या कमरेची गोष्ट परत सुरू होते.

बाकीचं भराभर सांगते. कंगवा स्वतःचा. उवा कंगव्यापेक्षा डोक्याला डोकं लावून झोपल्याने जास्त चढतात. तेव्हा उवा झाल्याच तर कंगव्यावर खापर फोडू नको, एका उशीवर डोकी ठेवून चालणाऱ्या गप्पा आठव. औषध लावल्यावर सात ते दहा दिवसांनी परत लावायचं, कारण पहिल्या खेपेत लिखा मरतीलच असं नाही आणि तोवर त्या फुटतात. एक बारीक दातांची फणी त्यासाठी टाकून ठेव.

रेझर कुणाला द्यायचा नाही आणि कुणाचा घ्यायचा नाही. इथे मी कडक आहे. डोळ्यांना न दिसणारं रक्त पात्यावर राहतं, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर आठवडाभर तग धरतो. नेलकटरलाही तेच लागू, तेही तुझं एकटीचं.

घामाच्या वासाचं एक गुपित सांगते. स्प्रे वासावर दुसरा वास चढवतो. घामच कमी करणारं जे असतं त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बूच बसवतात. ते रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी असताना लावायचं. सकाळी घाईत ओल्या काखेत लावलंस तर बूच बसायच्या आधीच घाम वाहून नेतो, आणि मग तू म्हणणार, याचा काही उपयोग नाही.

हे सगळं ठेवायला तळाला भोकं असलेली प्लास्टिकची टोपली. आंघोळीला जाताना टोपली उचलायची, परतताना उचलायची, बाथरूममध्ये काही म्हणजे काही ठेवायचं नाही. खोलीत ती कागदावर ठेव, पाणी निथळेल. बाटल्या भरताना झाकण काढ, तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेव आणि वरून झाकण घट्ट फिरव. शाम्पू सांडलेले कपडे धुवायला किती पाणी लागतं ते मी एकदा मोजलंय, तुला मोजावं लागू नये.

– आई

पत्र इथे संपलं. आता तुमच्यासाठी दोन ओळी. तेलं, चेहऱ्याची मलमं, उन्हापासूनचं क्रीम यांबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नव्हतं. ते मुली आपसात ठरवतात आणि बरंच ठीक ठरवतात, तिथे आपण बोललो की बाकीचंही ऐकायचं थांबतं. "तिथे मिळतं" हेही तिचं चूक नाही. साबण, पेस्ट, शाम्पू खरंच मिळतात, तेव्हा त्यावर भांडू नका, महिनाभराचं द्या आणि सोडून द्या. वाद घालायचाच तर टॉवेल, बाथरूमची चपल आणि चिमटे यांच्यावर घाला. पहिल्या रात्री दुकान शोधायला कुणी जात नाही आणि दुसऱ्या सकाळी आंघोळ करावीच लागते.

पत्र बॅगेच्या तळाशी ठेवू नका, ते सत्र संपेपर्यंत तिथेच राहील. टॉवेलाच्या घडीत ठेवा.